अठ्ठ्याहत्तर आणि सहासष्ट

आठवीतल्या एका मुलीला शाळेच्या प्रथम सत्रात गणितात 78 गुण पडले आणि शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत, गणितातच, 66. दोन्ही शंभरपैकी. दोन्ही निकालपत्रांचे फोटो वडिलांच्या मोबाईलमध्ये शेजारीशेजारी आहेत आणि घरात निकालही लागून गेला आहे: पोरगी बारा मार्कांनी खाली आली, सराव परीक्षेआधी मोबाईल काढून घ्यायला हवा होता. जामनेर असो की पाचोरा, दिवाळीच्या आसपास हा संवाद बऱ्याच घरांत होतो. मुलगी खरंच खाली आली का, हे या दोन फोटोंवरून सांगता येत नाही. त्यासाठी तिच्यासोबत बसलेल्या बाकीच्या मुलांचे गुण लागतात. ते मिळाले तर पुढचा हिशेब सातवी-आठवीच्या गणिताचाच आहे.

हे उदाहरण मी बेतलेलं आहे आणि आकडे मुद्दाम असे निवडलेत, की वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन ताळा करता यावा. परीक्षा मात्र खऱ्याच आहेत, म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू.

महाराष्ट्रात पहिली ते आठवीचं मूल्यमापन 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष’ झालं. आठवीत शंभरपैकी 40 गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि 60 संकलित मूल्यमापनाचे. आकारिक म्हणजे तोंडी काम, उपक्रम, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे, जे शिक्षक वर्षभर पाहून नोंदवतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. आकारिकच्या 40 मध्ये फारसं कुणी मागे राहत नाही. वही पूर्ण असलेलं, रोज येणारं मूल तिसाच्या पुढे जातंच. त्यामुळे प्रथम सत्राचे गुण एकमेकांच्या जवळजवळ बसतात आणि सरासरी वर सरकते.

शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरची जात वेगळी. प्रथम भाषेचे 25 प्रश्न, गणिताचे 50, प्रत्येकाला 2 गुण, आणि एकूण पंचाहत्तर प्रश्नांना दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. वहीचे गुण नाहीत, पायऱ्यांचे गुण नाहीत. उत्तराचा गोल बरोबर रंगवला तर दोन, नाहीतर शून्य. शाळेत ऐंशीच्या घरातली मुलं इथे पन्नाशीत येतात, आणि त्यात त्यांचं काही बिघडलेलं नसतं.

मे महिन्यात जळगावात पारा 38 वर असेल तर लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. महाबळेश्वरला तोच आकडा आला तर पेपरात बातमी होईल. आकडा तोच, पण तिथलं नेहमीचं काय आणि त्यापासून तो किती दूर, यावर त्याचा अर्थ ठरतो. गुणांचंही हेच आहे. पहिला प्रश्न: या परीक्षेत मुलांना सरासरी किती पडले? दुसरा प्रश्न, जो आपण सहसा विचारत नाही: गुण सरासरीभोवती किती पसरले होते?

वर्गातली दहा मुलं शिष्यवृत्तीची तयारी करत आहेत असं धरू. या दहाही जणांनी दोन्ही परीक्षा दिल्या. त्यांचे गणिताचे गुण चढत्या क्रमाने असे:

प्रथम सत्र: 56, 57, 64, 64, 67, 70, 73, 78, 85, 86

सराव परीक्षा: 24, 28, 34, 38, 38, 46, 52, 58, 66, 76

पहिल्या ओळीची बेरीज 700, सरासरी 70. दुसरीची बेरीज 460, सरासरी 46. म्हणजे आपली मुलगी पहिल्या परीक्षेत सरासरीच्या 8 गुण वर होती आणि दुसऱ्या परीक्षेत 20 गुण वर. इथेच ‘बारा मार्क घसरली’ हे वाक्य डळमळू लागतं. पण लगेच ‘8 वरून 20 वर गेली’ असंही म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या परीक्षेत सगळेच लांबलांब पसरलेले आहेत. पहिल्यात सर्वांत खालच्या आणि वरच्या मुलात 30 गुणांचं अंतर आहे, दुसऱ्यात 52 गुणांचं. जिथे सगळेच दूर उभे आहेत तिथे वीस गुणांच्या आघाडीची किंमत थोडी कमी धरावी लागते.

ती किती कमी धरायची, हे प्रमाण विचलन सांगतं. या मापाला हे नाव कार्ल पिअर्सन यांनी दिलं, 1890 च्या दशकात. कृती सोपी आहे. प्रत्येकाच्या गुणांतून सरासरी वजा करायची, आलेल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. प्रथम सत्रात फरक येतात −14, −13, −6, −6, −3, 0, 3, 8, 15, 16. त्यांच्या वर्गांची बेरीज 1000, दहाने भागून 100, वर्गमूळ 10. सराव परीक्षेत फरकांच्या वर्गांची बेरीज 2560, दहाने भागून 256, वर्गमूळ 16. पहिल्या परीक्षेतला पसारा 10 गुणांचा, दुसऱ्यातला 16 गुणांचा.

आता मुलीचा सरासरीपासूनचा फरक त्या त्या पसाऱ्याने भागायचा. येणाऱ्या संख्येला झेड स्कोअर म्हणतात:

z = (गुण − सरासरी) / प्रमाण विचलन

प्रथम सत्र: (78 − 70) / 10 = 0.8. सराव परीक्षा: (66 − 46) / 16 = 1.25. गुण बाराने कमी झाले, पण या दहा जणांतलं तिचं स्थान वर गेलं. क्रमांकही तेच सांगतो. आधी ती तिसरी होती, आता दुसरी आहे. क्रमांकापेक्षा झेड स्कोअर इतकंच जास्त सांगतो, की पुढच्या-मागच्यात अंतर किती. सरासरीच्या खाली असणाऱ्याचा झेड उणे येतो. दोन्ही परीक्षांना हे माप एकच लागतं, म्हणून एक पेपर शंभरचा आणि दुसरा दीडशेचा असता तरी हिशेब बदलला नसता.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर ‘बी’ रकान्यात दहा जणांचे गुण भरा आणि मुलीचे गुण बी-9 मध्ये आहेत असं धरा:

```
=AVERAGE(B2:B11)
=STDEV.P(B2:B11)
=STANDARDIZE(B9, AVERAGE(B2:B11), STDEV.P(B2:B11))
```

इथे STDEV.P ऐवजी STDEV.S निवडलं तर वर्गांच्या बेरजेला दहाऐवजी नवाने भागलं जातं आणि झेड 0.76 व 1.19 येतात. दोन्हीकडे मुलं तितकीच असल्याने तुलनेचा कौल बदलत नाही. फक्त एका परीक्षेला एक आणि दुसरीला दुसरं, असं होऊ देऊ नये.

हिशेब इथवर सरळ आहे. चुका होतात त्या हिशेबाच्या आधी.

सर्वांत मोठी चूक गट निवडण्यात होते. वर्गात 40 मुलं आहेत आणि शिष्यवृत्तीला दहाच बसली आहेत. प्रथम सत्राचे गुण सगळ्या चाळीस जणांचे हाताशी असतात, म्हणून माणूस सहजच चाळिसांची सरासरी काढतो. ती 58 आणि प्रमाण विचलन 14 आलं असं समजा. मग मुलीचा प्रथम सत्राचा झेड (78 − 58) / 14 = 1.43. आणि सराव परीक्षेचा? 1.25. झालं, मुलगी पुन्हा घसरली! एकही आकडा चुकलेला नाही, तरी निष्कर्ष उलटा झाला. कारण पहिल्या हिशेबात ती सगळ्या वर्गाशी तोलली गेली आणि दुसऱ्यात निवडक दहा हुशार मुलांशी. झेड स्कोअर फक्त त्या गटापुरता बोलतो. दोन झेड शेजारी ठेवायचे तर दोन्ही परीक्षांत तीच मुलं असली पाहिजेत; जे एका परीक्षेला नव्हते त्यांना दुसऱ्या यादीतूनही काढलं पाहिजे. माझ्या मते या विषयातली निम्मी अक्कल या एका वाक्यात आहे, उरलेलं काम कॅल्क्युलेटर करतो.

दुसरी अडचण फोटोंची. दहा मुलांची पत्रकं एका टेबलावर कधीच मिळत नाहीत. पालक ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तीही तिरकी, ट्यूबलाइटखाली, लॅमिनेशनवर चकाकी आलेली. फोटो तिरका असला की डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो आणि गणिताच्या जागी विज्ञानाचे गुण उतरवले जातात. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं तर आकडे फुटत नाहीत. पत्रक जमिनीवर, दिवसाच्या उजेडात, मोबाईल बरोबर वर आडवा आणि फ्लॅश बंद, एवढं सांगितलं तरी बराच त्रास वाचतो. मुलांची नावं आणि जन्मतारखा आपल्याला लागत नाहीत, त्यामुळे नावाचा भाग कापून फक्त हजेरी क्रमांक ठेवावा.

आपल्याकडच्या पत्रकांची एक खास खोड आहे. छापील भाग देवनागरी अंकांत असतो, आणि शिक्षक हाताने कधी देवनागरी लिहितात, कधी इंग्रजी. एकाच पत्रकात दोन्ही सापडतात. घाईत लिहिलेला ४ हा 8 सारखा दिसतो. ५ हा 4 वाटतो. १ ची शेपटी लांबली की तो 9 होतो. आकडे मोबाईलच्या ॲपने उचलले तर हा घोळ वाढतो, कारण ॲपला हे पत्रक कोणत्या लिपीत आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

यात किती नुकसान होऊ शकतं पाहा. सराव परीक्षेत एका मुलाला ४६ गुण आहेत आणि ते 86 म्हणून उतरवले गेले. आपल्या मुलीच्या पत्रकाला कुणी हातही लावलेला नाही. पण आता बेरीज 500 झाली, सरासरी 46 वरून 50 वर गेली. फरकांच्या वर्गांची बेरीज 4000, म्हणून प्रमाण विचलन 16 वरून 20. मुलीचा झेड झाला (66 − 50) / 20 = 0.8. प्रथम सत्रातही तो 0.8 च होता! दुसऱ्याच्या पत्रकावरचा एक अंक चुकला आणि हिची सगळी प्रगती पुसली गेली. दहा जणांच्या गटात प्रत्येक आकड्याचं वजन एवढं असतं.

ही चूक पकडायची कशी? सराव परीक्षेच्या पत्रकावर बहुधा बरोबर, चूक आणि न सोडवलेले असे तीन रकाने असतात. तिन्हींची बेरीज 50 यायला हवी आणि बरोबर उत्तरांची दुप्पट म्हणजे गुण. त्या मुलाची बरोबर उत्तरं 23 असतील तर गुण 46 च असणार. 86 साठी 43 उत्तरं बरोबर हवीत. शिवाय प्रश्न दोन-दोन गुणांचे असल्याने इथे विषम संख्या येऊच शकत नाही. 67 किंवा 45 दिसलं की फोटो पुन्हा उघडायचा. शाळेच्या पत्रकावर आकारिक अधिक संकलित बरोबर एकूण, हा ताळा करायचा, आणि शेवटी एकूण गुण शेजारच्या श्रेणीत बसतात का ते पाहायचं. अंक फसवतो, पण ‘क’ आणि ‘अ’ यांत गोंधळ होत नाही. सगळ्यांत भरवशाची पद्धत अजूनही जुनीच: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं आणि मग अदलाबदल करून पुन्हा एकदा.

गैरहजर मुलाची नोंद हाही एक सापळा आहे. पत्रकावर ‘गैर’ लिहिलेलं असतं आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून कुणीतरी शून्य भरतं. आपल्या यादीतल्या 24 गुणांच्या जागी असं शून्य पडलं तर मुलीचा झेड 1.25 वरून 1.10 होतो. शून्य गुण मिळणं आणि परीक्षेलाच नसणं यांत फरक आहे. गैरहजर मुलाचं नाव दोन्ही याद्यांतून जायला हवं.

आता पत्रकावर गुणच नसतील तर? आठवीपर्यंत हे नेहमीचं आहे. पालकांच्या हाती येतं त्या प्रगतिपत्रकावर नुसती श्रेणी असते: 91 ते 100 अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, 61 ते 70 ब-2, 51 ते 60 क-1, आणि असंच खाली. आपल्या मुलीच्या पत्रकावर ‘ब-1’ एवढंच दिसेल. 73 गुणवाल्याच्या पत्रकावरही ब-1 च.

अशा वेळी प्रत्येक श्रेणीचा मधला आकडा धरतात. ब-1 साठी 75.5, ब-2 साठी 65.5. आपल्या दहा जणांत दोन क-1, चार ब-2, दोन ब-1 आणि दोन अ-2 आहेत. मधले आकडे धरले की सरासरी 69.5 आणि प्रमाण विचलन 10.2 येतं. खऱ्या 70 आणि 10 च्या हे अगदी जवळ आहे. गटाचं चित्र श्रेण्यांवरूनही बरं उमटतं, कारण वरखालच्या चुका एकमेकींना खातात. एकट्या मुलाचं मात्र तसं होत नाही. मुलीचा झेड आता 0.59 येतो आणि 73 गुणवाल्याचाही 0.59. खरे झेड होते 0.8 आणि 0.3.

म्हणून श्रेणीवरून एकच आकडा सांगू नये, पट्टा सांगावा. ब-1 म्हणजे तिचे गुण 71 ते 80 यांत कुठेतरी. म्हणजे झेड 0.15 ते 1.03 यांत कुठेतरी. सराव परीक्षेचा 1.25 या पट्ट्याच्याही वर आहे, तेव्हा ‘स्थान सुधारलं’ हा निष्कर्ष फक्त श्रेणी हाती असली तरी टिकतो. सराव परीक्षेत झेड 0.7 आला असता तर तो पट्ट्याच्या आत पडला असता आणि प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हे असतं. पालकांना हे उत्तर आवडत नाही. वर्गशिक्षकांच्या मूल्यमापन नोंदवहीत मात्र गुण असतात. ते मागून घेतले तर हा सगळा द्राविडी प्राणायाम वाचतो.

गुण मिळाले, गट एक ठेवला, अंक तपासले. आता 0.8 वरून 1.25 या चढाला किती महत्त्व द्यायचं? सराव परीक्षेत 16 गुणांचा एक झेड, म्हणून 0.45 म्हणजे सुमारे 7 गुण. दोन गुणांचा एक प्रश्न, म्हणजे साडेतीन प्रश्न. चार पर्यायांतून डोळे मिटून बारा प्रश्नांचे गोल रंगवले तरी सरासरी तीन बरोबर येतात. म्हणजे या चढाचा बराचसा भाग नशिबाचाही असू शकतो. ‘घसरली’ हे म्हणणं चुकीचं आहे, हे मी ठामपणे सांगेन. ‘झपाट्याने सुधारली’ असं एका सराव परीक्षेवरून सांगणार नाही. अजून दोन-तीन सराव पेपर झाले आणि प्रत्येक वेळी झेड एकच्या वर राहिला, तर मग बोलू. शिवाय पहिल्या परीक्षेच्या 40 गुणांत वही, उपक्रम आणि हजेरीची शिस्त मोजली गेली आहे, दुसरीत घड्याळासमोरचा वेग. झेड स्कोअर मापाचं एकक सारखं करतो. दोन परीक्षांनी मोजलेली गोष्ट एकच होती, अशी हमी तो देत नाही.

आणखी एक मर्यादा फारशी कुणी सांगत नाही. गटात दहाच मुलं असतील तर दहाने भागून काढलेला झेड 3 च्या वर जाऊच शकत नाही, मग ते मूल साक्षात रामानुजन का असेना. ही कमाल मर्यादा मुलांच्या संख्येतून एक वजा करून घेतलेल्या वर्गमूळाइतकी असते. दहासाठी नवाचं वर्गमूळ, तीन. त्यामुळे दहा मुलांच्या गटातला झेड आणि चारशे मुलांच्या तालुका पातळीवरच्या परीक्षेतला झेड हे शेजारी मांडू नयेत.

हाच प्रश्न मोठा होऊन दहावीनंतर दारात येतो. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी मोठ्या शहरांपुरती होती, 2025 पासून ती राज्यभर लागू झाली. म्हणजे जामनेरच्या महाविद्यालयातही राज्य मंडळाचा आणि सीबीएसईचा विद्यार्थी आता एकाच गुणवत्ता यादीत टक्क्यांनी शेजारी बसतो. हे टक्के तुलनेचे आहेत का, यावर मुंबईत आधीच भांडून झालं आहे. 2009 मध्ये राज्य सरकारने अकरावीच्या 90 टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी राखल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्याच काळात सीबीएसई दहावीला गुणांऐवजी नऊ पायऱ्यांची श्रेणी देऊ लागली आणि श्रेणीगुणांच्या सरासरीला 9.5 ने गुणून टक्के काढा असं सांगू लागली. त्या हिशेबाने सगळीकडे अव्वल असणारं मूलही 95 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हतं, आणि राज्य मंडळाची मुलं मात्र 97-98 घेऊन रांगेत उभी.

एकाच मंडळाचे दोन वर्षांचे टक्केही तुलनेचे नसतात. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता, 2019 मध्ये 77.10 आणि 2020 मध्ये 95.30. एका वर्षात बारा टक्के मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के शहाणी, असं काही घडलं नव्हतं. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे 20 अंतर्गत गुण बंद केले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. 2019 च्या 80 टक्क्यांना 2020 च्या 80 टक्क्यांपेक्षा वजन जास्त आहे, हे त्या वर्षी दहावीला असलेल्या कुणालाही विचारा.

मग इथेही झेड लावून मोकळं का होऊ नये? कारण मंडळाच्या गुणपत्रिकेवर सरासरीही छापलेली नसते आणि प्रमाण विचलनही. उत्तीर्णांची टक्केवारी जाहीर होते, पण तिच्यावरून हे दोन्ही आकडे काढता येत नाहीत. आणि ते छापले तरी गटाची अडचण उरतेच: दोन मंडळांना बसणारी मुलं निराळी, त्यांच्या शाळा आणि घरची परिस्थिती निराळी. आपल्या दहा जणांनी दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, म्हणून तुलना जमली. दोन मंडळांच्या दोन्ही परीक्षा देणारं मूल कुठे असतं? त्यामुळे गुणपत्रिकेचा फोटो दाखवून ‘सीबीएसईचे 88 म्हणजे आपले किती’ असं कुणी विचारलं तर त्याला नेमकं उत्तर नाही, आणि जो कुणी ठोकून उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

एमएचटी-सीईटीने 2019 पासून पर्सेंटाइलची वाट धरली. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. म्हणून विद्यार्थ्याला त्याच्याच सत्रातल्या मुलांच्या तुलनेत मोजतात. सत्रांत मुलं हजारोंनी असतात आणि कुणी कोणत्या सत्राला बसायचं हे हुशारीवर ठरत नाही, म्हणून तिथे गट साधारण सारखे मानता येतात. 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के गुण असं समजून पेढे वाटणारे किंवा रडणारे पालक अजूनही भेटतात. त्याचा अर्थ इतकाच, की त्या सत्रातल्या शंभरातल्या सुमारे 92 जणांचे गुण या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत.

तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना आणि सराव परीक्षा घेणाऱ्यांना एक विनंती करतो. निकालपत्राच्या तळाशी तीन आकडे छापा: परीक्षेला बसलेली मुलं किती, त्या विषयात त्यांची सरासरी किती आणि प्रमाण विचलन किती. गुण कॉम्प्युटरवर भरलेले असतातच, वर दिलेल्या पहिल्या दोन ओळी टाकल्या की काम झालं. कुणाही मुलाचं नाव किंवा क्रमांक उघड होत नाही. पालकांना दहा घरांतून फोटो गोळा करावे लागणार नाहीत, आणि 78 नंतर 66 आले म्हणून कुणाच्या हातातला मोबाईल काढून घेण्याआधी वजाबाकी-भागाकार करून पाहता येईल.